बीटा आणि कॅपएम (भांडवली मालमत्ता किंमत प्रतिमान)

बाजार हलला की एखादा शेअर सरासरीने किती हलतो ते सांगणारा आकडा म्हणजे बीटा. बाजार १ टक्का चढल्यावर शेअर साधारण दीड टक्का चढत असेल आणि पडतानाही त्याच मापात पडत असेल तर त्याचा बीटा १.५. हिशोब असा, की शेअरचा परतावा आणि निर्देशांकाचा परतावा यांचं कोव्हेरियन्स काढायचं आणि त्याला निर्देशांकाच्या व्हेरियन्सने भागायचं, एक्सेलमध्ये स्लोप काढला तरी तेच उत्तर येतं. कॅपएम या आकड्याला परताव्याशी जोडतं:

अपेक्षित परतावा = बिनजोखमीचा दर + बीटा × (बाजाराचा अपेक्षित परतावा − बिनजोखमीचा दर)

यातली कल्पना अशी. कोल्हापूरच्या एखाद्या फौंड्रीचं मोठं गिऱ्हाईक तुटलं किंवा भट्टी महिनाभर बंद राहिली तर तिचा शेअर पडेल, पण ज्याने पैसा बऱ्याच शेअर्समध्ये पसरवलाय त्याच्या एकूण पैशावर याचा परिणाम नगण्य असतो, म्हणून अशा जोखमीबद्दल बाजार जादा काही देत नाही. ट्रक-ट्रॅक्टरची मागणी देशभर बसली, व्याजदर चढले, तर सगळंच एकदम पडतं, ते पसरवून टळत नाही. मोबदला फक्त या दुसऱ्या जोखमीचा मिळतो आणि तिचं माप बीटा.

उगम आणि श्रेयाचा वाद

जोखीम आणि परतावा तोलून पैसा कसा पसरवावा हे मांडणाऱ्या हॅरी मार्कोविट्झ यांच्या १९५२ च्या लेखात याचा पाया आहे, याबद्दल फारसं दुमत नाही. जेम्स टोबिन यांनी १९५८ मध्ये बिनजोखमीची मालमत्ता त्यात आणली. वाद पुढच्या पायरीबद्दल आहे, म्हणजे सगळेच गुंतवणूकदार असे वागले तर किंमती कुठे स्थिरावतील हे पहिल्यांदा कुणी सांगितलं.

बहुतेक पाठ्यपुस्तकं विल्यम शार्प यांचं नाव घेतात, त्यांचा लेख सप्टेंबर १९६४ च्या जर्नल ऑफ फायनान्समध्ये आला. जॉन लिंटनर यांचा १९६५ मध्ये आणि नॉर्वेच्या यान मोसिन यांचा १९६६ मध्ये. पण आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीत काम करणारे जॅक ट्रेनर यांनी साधारण १९६१-६२ च्या सुमारास हाच निष्कर्ष काढून टाइप केलेला मसुदा ओळखीच्या लोकांत फिरवला होता, आणि तो छापून आला थेट १९९९ मध्ये. शार्प यांनी आपल्या १९६४ च्या लेखाच्या तळटीपेतच ट्रेनर यांनी स्वतंत्रपणे मिळतंजुळतं प्रतिमान मांडल्याचं आणि ते अप्रकाशित असल्याचं नोंदवलंय, त्यामुळे कुणी कुणाचं उचललं असा प्रश्न इथे नाहीच. प्रकाशनाची तारीख प्रमाण धरली तर शार्प पहिले, लिखाणाची धरली तर ट्रेनर. या नोंदीचा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण मसुदा फिरला होता हे शार्प यांच्या टिपेवरूनच सिद्ध होतं, पण आज जी मांडणी शिकवली जाते ती बरीचशी शार्प यांच्या वाटेने आली हेही तितकंच खरं.

लिंटनर यांना आपला निष्कर्ष शार्पपेक्षा वेगळा वाटत होता. युजीन फामा यांनी १९६८ मध्ये दोन्हींत मुळात विरोध नाही हे दाखवल्यावर तो मुद्दा मिटला असं मानतात. १९९० चं नोबेल शार्प यांना मार्कोविट्झ आणि मर्टन मिलर यांच्यासोबत मिळालं. लिंटनर १९८३ मध्ये आणि मोसिन १९८७ मध्ये वारले होते आणि हे पारितोषिक मरणोत्तर देत नाहीत. ट्रेनर मात्र तेव्हा हयात होते, २०१६ पर्यंत.

कमी उलाढालीच्या शेअरचा बीटा

मोठ्या कंपन्यांचा बीटा कुठल्याही साइटवर तयार मिळतो आणि तो बहुधा ठीकच असतो. घोळ होतो तो लहान शेअर्समध्ये. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या एमआयडीसींमधून वाहन उद्योगाला कास्टिंग आणि सुटे भाग जातात, आणि अशा धंद्यातली एखादी छोटी लिस्टेड कंपनी घेतली तर स्क्रीनवर तिचा बीटा ०.७ किंवा ०.८ असा दिसू शकतो. मालाची मागणी वाहनांच्या चढउताराला बांधलेली, वर भट्ट्यांचा आणि मशीनचा ठरलेला खर्च मोठा, मग बाजारापेक्षा कमी हलणारा शेअर कसा? बऱ्याचदा कारण धंद्यात नसून आकड्यांमध्ये असतं.

असा शेअर रोज नीट ट्रेड होत नाही. शेवटचा सौदा बुधवारी झाला असेल तर शुक्रवारच्या बंद भावाच्या रकान्यातही बुधवारचाच भाव बसतो, आणि गुरुवार-शुक्रवारची हालचाल पुढच्या आठवड्यात मोजली जाते. सर्किट लागल्यावरही हेच, ५ टक्क्यांच्या बँडमध्ये अडकलेला शेअर १२ टक्क्यांची हालचाल एका दिवसात दाखवूच शकत नाही.

आकडे घेऊन बघू, कंपनी काल्पनिक आहे. सहा आठवड्यांत निर्देशांकाचा परतावा +२, +१, −२, ०, −१, ० टक्के. फौंड्रीचा खरा बीटा १.५, म्हणजे शेअर खरं तर +३, +१.५, −३, ०, −१.५, ० असा हलायला हवा. पण दर आठवड्याची अर्धी हालचाल पुढच्या आठवड्यात नोंदली गेली असं धरलं तर कागदावर दिसतं +१.५, +२.२५, −०.७५, −१.५, −०.७५, −०.७५. दोन्ही रांगांची सरासरी शून्य आहे, म्हणून हिशोब सोपा होतो. आठवडावार गुणाकारांची बेरीज ७.५, निर्देशांकाच्या वर्गांची बेरीज १०, बीटा ०.७५. शेअर तोच, धंदा तोच, आणि आकडा बरोबर निम्मा.

आता शेअरचा परतावा निर्देशांकाच्या मागच्या आठवड्याच्या परताव्याशी जोडून बघा. ०, +२, +१, −२, ०, −१ ही सरकवलेली रांग घेतली की गुणाकारांची बेरीज पुन्हा ७.५ येते आणि गुणांक ०.७५. दोन्ही मिळवले की १.५ परत मिळतो. एल्रॉय डिमसन यांनी १९७९ मध्ये सुचवलेली पद्धत साधारण हीच आहे, चालू, मागच्या आणि गरज पडली तर पुढच्या काळाचे परतावे एकाच रिग्रेशनमध्ये घालायचे आणि गुणांकांची बेरीज करायची. शोल्स आणि विल्यम्स यांची १९७७ ची दुरुस्तीही याच दुखण्यावर आहे, पण ती शेअर प्रत्येक काळात निदान एकदा ट्रेड झाला असं धरते, म्हणून फार सुस्त शेअरला डिमसन बरी पडते. वरच्या उदाहरणात उत्तर इतकं चोख आलं कारण आकडे तसे निवडलेत, खऱ्या डेटात गोंगाट असतो आणि जितके जास्त लॅग, म्हणजे मागे-पुढे सरकवलेले काळ, घालाल तितका तो वाढतो.

हे दुखणं आहे की नाही ते ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याच शेअरचा बीटा रोजच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या परताव्यांवर वेगवेगळा काढणं, आणि तो पायरीपायरीने चढत गेला तर भाव मागे राहतोय असं समजायला हरकत नाही. बंद भावांची यादी काढून एकच भाव ओळीने किती दिवस आलाय आणि व्हॉल्यूम कितीदा शून्य आहे हेही बघावं.

मासिक परतावे वापरले की हा घोळ बराच कमी होतो, पण मग दुसरी अडचण येते. पाच वर्षांचे मिळून ६० च आकडे. समजा निर्देशांकाचं मासिक स्टँडर्ड डेव्हिएशन ५ टक्के आणि शेअरची बाजाराशी संबंध नसलेली हालचाल १० टक्के, तर बीटाची स्टँडर्ड एरर १० ÷ (५ × √६०), म्हणजे साधारण ०.२६. दोन्ही बाजूंना अशा दोन एरर सोडल्या तर बीटा १.२ आला तरी खरा आकडा ०.७ ते १.७ मध्ये कुठेही असू शकतो, आणि हे न सांगता दोन दशांशांपर्यंत बीटा छापणं हे या क्षेत्रातलं सर्रास चालणारं चुकीचं काम आहे. मार्शल ब्लूम यांना १९७० च्या दशकात दिसलं की टोकाचे बीटा पुढच्या काळात १ कडे सरकतात. त्यावरून मोजलेल्या बीटाला दोन तृतीयांश आणि १ ला एक तृतीयांश वजन द्यायची चाल पडली. आपल्या फौंड्रीचा ०.७५ आधी न सुधारता असा ओढला तर ०.८३ होतो, म्हणजे चूक जागच्या जागी राहते आणि वर सुधारल्याचा भास होतो. आधी लॅगची दुरुस्ती, मग ब्लूम, हाच क्रम ठेवावा.

किंमतीवर होणारा परिणाम

बिनजोखमीचा दर ७ टक्के आणि बाजाराचा त्यावरचा जादा परतावा ६ टक्के धरू, दोन्ही फक्त उदाहरणासाठी. बीटा ०.७५ असेल तर मागायचा परतावा ११.५ टक्के, १.५ असेल तर १६ टक्के. कंपनी शेअरमागे दरवर्षी १० रुपये कायम देत राहील असं मानलं तर पहिल्या दराने शेअरची किंमत साधारण ८७ रुपये, दुसऱ्याने ६२.५० रुपये. म्हणजे ८७ ला घेणारा स्वस्तात मिळालं असं समजेल, प्रत्यक्षात त्याने जवळपास ४० टक्के जास्त मोजलेत.

बिनजोखमीचा दर म्हणून कुणी ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल घेतं, कुणी १० वर्षांचा सरकारी रोखा. दीर्घ काळासाठी शेअरची किंमत काढायची असेल तर रोखा जास्त सुसंगत वाटतो, आणि जो दर घ्याल त्याच्यावरच जादा परतावाही मोजलेला असावा.

मर्यादा

प्रत्यक्ष परताव्यांवर हे प्रतिमान तपासलं तेव्हा उतार अपेक्षेपेक्षा सपाट निघाला, म्हणजे कमी बीटाच्या शेअर्सनी सूत्रापेक्षा जास्त दिलं आणि जास्त बीटाच्यांनी कमी. ब्लॅक, जेन्सन आणि शोल्स यांचं १९७२ चं काम यातलं सगळ्यात जास्त उद्धृत होतं. फिशर ब्लॅक यांनी त्याच वर्षी बिनजोखमीच्या दराने हवं तितकं कर्ज मिळतं हे गृहीतक काढून टाकून या सपाटपणाचं एक स्पष्टीकरण दिलं. फामा आणि फ्रेंच यांनी १९९२ मध्ये कंपनीचा आकार आणि पुस्तकी मूल्याचं बाजारभावाशी प्रमाण विचारात घेतल्यावर बीटाकडे सांगण्यासारखं फारसं उरत नाही असं दाखवलं.

रिचर्ड रोल यांची १९७७ ची हरकत जास्त मुळाशी जाते. सूत्रातला बाजार म्हणजे सगळी संपत्ती. निफ्टी ५० हा त्याचा एक तुकडा, निफ्टी ५०० जरा मोठा, आणि निर्देशांक बदलला की बीटा बदलतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या घरांची संपत्ती बघितली तर उसाखालची जमीन, गुजरीतून घेतलेलं सोनं, घर आणि सहकारी साखर कारखान्याचा सभासद शेअर यात बराच पैसा असतो, यातलं निर्देशांकात काहीच नाही. सभासद शेअरला तर रोजचा बाजारभावच नसतो, तो दर्शनी किंमतीला धरला जातो आणि त्याचा खरा फायदा ऊस घालायच्या हक्कात असतो, त्यामुळे त्याचा बीटा काढायला लागणारी परताव्यांची रांगच तयार होत नाही.

लिस्ट नसलेल्या फौंड्रीसाठी त्याच धंद्यातल्या लिस्टेड कंपन्यांचे बीटा घेऊन, त्यातला कर्जाचा परिणाम रॉबर्ट हमाडा यांच्या १९७२ च्या पद्धतीने काढून, आपल्या कंपनीच्या कर्जाप्रमाणे तो परत चढवतात. तुलनेच्या कंपन्याही कमी उलाढालीच्या असतील तर लॅगची दुरुस्ती आधी त्यांच्यावर करावी लागते.