चाळीस श्वास आणि छातीचा फोटो: ‘निमोनिया’ या शब्दामागची पार्श्वभूमी

नागपुरात थंडी पडली की लेकरांच्या दवाखान्यात तेच तीन प्रश्न येतात. अँटिबायोटिक लागेल का? छातीचा फोटो काढायचा का? की घरीच सांभाळता येईल? तिन्हींच्या पोटात एकच प्रश्न असतो: ‘निमोनिया तर नाही ना?’ आणि खरा गोंधळ याच शब्दात आहे. आजीसाठी निमोनिया म्हणजे ‘डब्बा’, पसल्या उडणारं लेकरू. एक्स-रे वाचणाऱ्यासाठी तो फुफ्फुसावरचा पांढरा डाग. सरकारी आरोग्यसेविकेच्या तक्त्यात मात्र तो मिनिटाला मोजलेल्या श्वासांचा आकडा असतो. एकच मूल यातल्या एका व्याख्येत बसतं आणि दुसरीत बसत नाही.

तो आकडा १९८० च्या दशकातला. पापुआ न्यू गिनीसारख्या ठिकाणी, जिथे एक्स-रे नव्हता आणि डॉक्टरही दूर होता, तिथे असं दिसलं की खोकणाऱ्या मुलाचा श्वास किती जलद चाललाय हे बघून आजार बराचसा ओळखता येतो. त्यातून पुढे मर्यादा ठरल्या. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. एवढे किंवा याहून जास्त श्वास असले तर निमोनिया समजा. जाळं मुद्दामच मोठं ठेवलं होतं. दहा मुलांना विनाकारण औषध गेलं तरी चालेल, पण अकरावं दगावू नये, असा तो हिशेब होता.

या हिशेबाची एक मोठी परीक्षा आपल्या विदर्भातच झाली. गडचिरोलीत गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना श्वास मोजून गोळ्या-औषध द्यायला शिकवलं गेलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी केली होती. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले. जिथे हे काम झालं त्या गावांत निमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. आज कुणी श्वास मोजण्याला मागास पद्धत म्हटलं की मला ती मण्यांची पाटी आठवते.

पण मोठ्या जाळ्यात नको ते मासेही येतात. पाकिस्तानात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जलद श्वासामुळे ‘निमोनिया’ ठरवलेल्या सुमारे १,८०० मुलांचे फोटो काढले, तेव्हा ८२ टक्के फोटो चक्क स्वच्छ निघाले. त्यातल्या बऱ्याच जणांना साधा विषाणूचा संसर्ग असणार, काहींची छाती घरघरत असणार. घरघर असलेलं मूलही जलद श्वास घेतं, पण त्याला अँटिबायोटिक नव्हे, श्वासनलिका मोकळी करणारं औषध लागतं. भारतात सात रुग्णालयांत झालेल्या आणि २००४ मध्ये छापलेल्या चाचणीत, साध्या निमोनियात अमॉक्सिसिलीन तीन दिवस दिलं काय नि पाच दिवस दिलं काय, दोन्हीकडे साधारण ९० टक्के मुलं बरी झाली. पुढे २०२० मध्ये पाकिस्तानातच एका गटाला खरं औषध आणि दुसऱ्याला नुसतं औषधासारखं दिसणारं पातळ दिलं. औषधाविना उपचार फसले ते शंभरातल्या सुमारे पाच मुलांत आणि औषध घेऊन सुमारे तिघांत. म्हणजे अँटिबायोटिकचा फायदा आहे, पण थोडा. बहुतेक मुलं आपली आपणच बरी होतात.

फोटोचा प्रश्न त्यामानाने लवकर निकाली निघाला होता, पण तो निकाल पालकांपर्यंत पोहोचलाच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या १९९८ च्या चाचणीत, दवाखान्यात चालत आलेल्या लहान मुलांपैकी निम्म्यांचा फोटो काढला, निम्म्यांचा नाही. दोन्ही गटांना बरं व्हायला साधारण सातच दिवस लागले. फरक पडला तो औषधात. फोटो काढलेल्यांना अँटिबायोटिक जास्त लिहिलं गेलं. कारण उघड आहे. डाग दिसला तरी तो विषाणूचा की जिवाणूचा हे फोटो सांगत नाही, आणि डाग दिसल्यावर औषध न लिहिण्याची छाती फारशा डॉक्टरांना होत नाही. फोटो कामाचा ठरतो तो दोन-तीन दिवसांच्या औषधानेही ताप न उतरल्यास, मूल भरती करण्याइतकं आजारी असल्यास, छातीत पाणी किंवा पू असल्याची शंका आल्यास, शेंगदाणा वगैरे श्वासनलिकेत गेल्याची शंका असल्यास किंवा क्षयरोगाचा संशय असल्यास.

सगळ्यात वादाचा निर्णय २०१४ चा. तोवर श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, म्हणजे आपण म्हणतो तशा पसल्या उडत असतील, तर ‘गंभीर निमोनिया’ आणि सुईसाठी भरती हा नियम होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात तो बदलला. बाकी धोक्याची लक्षणं नसतील तर अशा मुलालाही घरी तोंडावाटे अमॉक्सिसिलीन द्या, असं ठरलं. त्यामागे चाचण्या होत्या. नंतर, २०१५ मध्ये, नागपूरसह भारतातल्या काही रुग्णालयांत झालेला अभ्यासही त्याच बाजूने गेला, मात्र त्यात घरी पाठवलेल्या मुलांवर नीट लक्ष ठेवलं होतं. आपल्याकडचे बरेच बालरोगतज्ज्ञ अजून हा बदल मानत नाहीत, आणि मला त्यांचं पटतं. जिथे रुग्णालय तीस कोसांवर आहे तिथे घरचं औषध हा आधार आहे. नागपुरात मात्र बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र जवळपास प्रत्येक दवाखान्यात सापडतं. पसल्या उडणाऱ्या मुलाचा ऑक्सिजन न बघता त्याला घरी धाडायला कारण उरत नाही. तो ९० टक्क्यांच्या खाली असेल तर भरतीच.

हे सगळं एका लेकरावर कसं उतरतं ते गेल्या हिवाळ्यात शेजारी पाहिलं. पोरगा १४ महिन्यांचा, वजन ९ किलो, खोकल्याचा तिसरा दिवस, ताप १०२. मोजले तर मिनिटाला ४८ श्वास. तक्त्याप्रमाणे निमोनिया. पण तापात आणि रडण्यात श्वास वाढतो. म्हणून आधी पॅरासिटामॉल दिलं, किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १३५ च्या आसपास. इथे बाटली वाचावी लागते. पाच मिलीत १२० वालं असेल तर साडेपाच मिली, २५० वालं असेल तर अडीचच मिली. पाऊण तासाने तो मांडीवर झोपला. सदरा वर करून, पोटाकडे बघत, घड्याळावर पूर्ण ६० सेकंद मोजले. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की चूक होते, कारण लहान मुलांचा श्वास थांबत-थांबत चालतो. आकडा आला ३४. पसल्या शांत, घरघर नाही, दूध पीत होता, मोठ्या बहिणीलाही सर्दी. डॉक्टरांनी ऑक्सिजन बघितला, ९७.

अँटिबायोटिक नाही, फोटो नाही. आईला एवढंच सांगितलं की दिवसातून दोनदा झोपेत श्वास मोज. पसल्या उडाल्या, कण्हला, दूध सोडलं, सगळं उलटून पडायला लागलं, झटका आला किंवा जागा होईना, तर वाट न बघता निघ. हे मूल दोन महिन्यांच्या आतलं असतं तर नुसत्या तापावरही थेट रुग्णालयात नेलं असतं.

पाचव्या दिवशी ताप गेला. खोकला त्यानंतरही दोन आठवडे होता, आणि त्यानेच घर हैराण झालं. आजी म्हणाली, “निदान खोकल्याचं सिरप तरी आण ना बाई.” आईने आणलं नाही. रात्री झोपताना अर्धा चमचा मध दिला. वर्ष पूर्ण झाल्यामुळे तो चालतो, त्याआधी नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची मुलं मूत्रपिंड निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली होती. साध्या खोकल्यासाठी लिहिलेल्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं, आणि त्यातली कितीतरी मुलं इथेच गेली. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहू नका, आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळा, असं सांगितलं. त्या दिवसांत या पोराची आई एका वॉर्डाबाहेर आपल्या भाच्यासाठी बसून होती, वेगळ्या आजारासाठी. बाजूच्या बाकावरच्या बाया कशासाठी आल्यात हे तिला तिथेच कळलं होतं.