राखी पाठवता येते, भाऊबिजेला मात्र जावं लागतं

भाऊ परदेशात आणि बहीण इथे असली की दोन्ही सण सारखेच अवघड होतात असं आपण धरून चालतो. पण या दोन सणांचा इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही.

पुराणातल्या कथेत रक्षाबंधन बहीण-भावाचं नाही. भविष्यपुराणात इंद्राला युद्धाआधी इंद्राणी रक्षा बांधते, आणि विधी सांगितला आहे तो पुरोहिताने राजाच्या हाताला बांधायचा. ‘येन बद्धो बलिराजा’ हा मंत्र त्यातलाच. ती रक्षा म्हणजे अक्षता आणि पांढरी मोहरी घालून केलेली छोटी पुरचुंडी. बहिणीची राखी राजस्थान आणि उत्तरेकडे रुजली. आपल्याकडे श्रावणी पौर्णिमा ओळखली जायची ती नारळी पौर्णिमा, जानवं बदलणं आणि पोवती यांसाठी. राजस्थानात राहिलेल्या जेम्स टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने १८२९ साली लिहून ठेवलं आहे की तिथल्या राजस्त्रिया दूरच्या पुरुषाला राखी पाठवत, तो उलट चोळी पाठवे आणि त्या दोघांची कधी गाठही पडत नसे. म्हणजे निरोप्याबरोबर लांबचा प्रवास करणं हे राखीच्या रिवाजात तेव्हापासूनच आहे. टपालाने आलेली राखी भावाने शेजारणीकडून किंवा स्वतःच्या मुलीकडून बांधून घेतली तर त्यात काही उणं राहत नाही. फक्त पाकिटात धागाच ठेवा. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत तांदूळ, बिया आणि दुधाची मिठाई टपालात अडवली जाते, त्यामुळे अक्षतांची पुडी घातली तर सगळं पाकीटच अडकू शकतं.

भाऊबीज याच्या उलट आहे. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम बहिणीच्या, यमुनेच्या घरी गेला आणि जेवला, एवढीच तिची कथा. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ (१७९०) या ग्रंथांनी दिलेला नियमही त्याच धाग्याचा आहे: त्या दिवशी स्वतःच्या घरी जेवू नये, बहिणीच्या हातचं जेवावं आणि तिला वस्त्र-भूषण द्यावं. जाणं आणि जेवणं हाच विधी असल्यामुळे त्यातलं टपालात घालण्यासारखं काही नाही.

पण अडचण शास्त्रकारांनाही दिसली होती. सख्खी बहीण नसेल तर मानलेल्या बहिणीचा मान करावा, अशी सोय त्यांनी ठेवली. माझ्या मते लांब राहणाऱ्या भावासाठी हीच सगळ्यात खरी वाट आहे. त्याच गावातल्या चुलत-मावस बहिणीकडे किंवा ओळखीतल्या मराठी घरी त्याने पाटावर बसावं, जेवावं आणि ओवाळणी घालावी. सख्ख्या बहिणीची ओवाळणी वेगळी पाठवावी, आणि शक्य तर पैशांपेक्षा साडी पाठवावी, कारण मूळ सांगितलं आहे ते वस्त्रच.

बहिणीच्या बाजूची सोय आपल्या घरांतली आहे: भाऊ नसेल किंवा दूर असेल तर ती चंद्राला ओवाळते. म्हणून तर तो मुलांचा चांदोमामा. इथे वेळ सांभाळावी लागते. द्वितीयेची कोर बारीक असते आणि सूर्यास्तानंतर तास-सव्वा तासात पश्चिमेला मावळते. जेवणं आटोपून आठ-नऊला तबक घेऊन गच्चीवर गेलं तर चंद्र नसतोच. दिवेलागणीलाच निरांजन तयार ठेवायचं.

आणि व्हिडिओ कॉलवर ओवाळायचं असेल तर तारीख आधी नीट बघावी. २०२५ची भाऊबीज घ्या. द्वितीया भारतात २२ ऑक्टोबरला रात्री सव्वाआठच्या सुमारास लागली आणि २३ला रात्री पावणेअकराला संपली, म्हणून पुण्यात भाऊबीज २३ला झाली. न्यू जर्सीचं घड्याळ तेव्हा साडेनऊ तास मागे होतं, त्यामुळे तिथे द्वितीया २२च्या सकाळी पावणेअकराला लागून २३च्या दुपारी सव्वा वाजताच संपली. यमद्वितीया अपराह्नात, म्हणजे दिवसाच्या पाच भागांतल्या चौथ्या भागात, असावी लागते. न्यू जर्सीत २३ला तो भाग सुरू होण्याआधीच तिथी संपली होती, म्हणून तिथली भाऊबीज २२ची. इथलं कॅलेंडर तिकडच्या भिंतीवर लावून चालत नाही ते यासाठी.

मग कॉल कधी करायचा? पुण्यात बहीण २३च्या सकाळी साडेसहाला अंघोळ करून तबक घेऊन बसली तर भावाकडे २२च्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. द्वितीया दोन्हीकडे चालू आहे आणि दोघांच्याही कॅलेंडरवर भाऊबीजच आहे. बहिणीच्या दुपारी ओवाळायचं ठरवलं तर भावाला मध्यरात्र उलटून गेल्यावर उठावं लागलं असतं. अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, त्यामुळे भाऊबीज त्यानंतर आली तर साडेनऊऐवजी साडेदहा तास धरून हाच हिशेब नव्याने मांडावा.