पेनड्राइव्हला कुलूप लावलं, पण जुन्या फायलींचं काय?

गेल्या महिन्यात माझा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडे राहिला, दुसऱ्या दिवशी परत मिळाला, पण त्यात आधार, पॅन, घराचा करारनामा सगळं उघडंच पडलेलं होतं आणि रात्रभरात कोणी काय बघितलं याचा पत्ता लागायला काही मार्गच नव्हता. मग त्याला बिटलॉकर लावला, म्हणजे पासवर्डशिवाय फायली वाचताच येऊ नयेत असं कुलूप. ही सोय विंडोजमध्येच असते, विंडोज ७ पासून आहे, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. फक्त कुलूप लावायला प्रो किंवा त्याच्या वरची आवृत्ती लागते, होम आवृत्तीवर लावलेलं कुलूप पासवर्ड टाकून उघडता येतं पण नवीन लावता येत नाही. मी ऑफिसच्या मित्राच्या लॅपटॉपवर लावून घेतलं.

पेनड्राइव्हच्या आयकॉनवर राइट क्लिक करून Turn on BitLocker, मग पासवर्ड, निदान ८ अक्षरांचा. त्यानंतर ४८ आकडी रिकव्हरी की मिळते, ती प्रिंट काढून किंवा दुसरीकडे सेव्ह करून ठेवायची. पासवर्ड विसरलात तर हीच एक वाट, हीसुद्धा गेली तर डेटा गेला, दुकानवाल्याला कितीही पैसे दिले तरी.

आता खरी गंमत पुढच्या स्क्रीनवर आहे जिथे सगळे डोळे झाकून नेक्स्ट दाबतात. तिथे विचारतात की फक्त वापरलेली जागा कुलूपबंद करायची की पूर्ण ड्राइव्ह. पहिला पर्याय पटकन होतो म्हणून लोक तोच घेतात. पण फाइल डिलीट केली म्हणजे ती पुसली जात नाही, तिचं नाव यादीतून काढतात आणि ती जागा मोकळी आहे अशी खूण करतात, आतला मजकूर वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच पडून राहतो. म्हणजे मागच्या वर्षी डिलीट केलेला आधारचा स्कॅन त्या 'मोकळ्या' जागेत असेल तर पहिल्या पर्यायात त्याला कोणी हातच लावत नाही, आणि डिलीट झालेल्या फायली परत काढणारी फुकटातली सॉफ्टवेअरं तो शोधू शकतात. कोरा करकरीत पेनड्राइव्ह असेल तर पहिला पर्याय चालेल, वापरलेला असेल तर पूर्णच घ्या. माझा ड्राइव्ह सेकंदाला साधारण ८ एमबी लिहितो, त्या हिशोबाने ३२ जीबी नुसते लिहायलाच तास-सव्वातास, वर वाचायचा वेळ वेगळा. मध्येच काढायची वेळ आली तर आधी Pause दाबा, ओढून काढू नका.

काय झालंय ते बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे टाका, ड्राइव्हचं अक्षर तुमचं जे असेल ते.

```
manage-bde -status E:
```

Conversion Status समोर Used Space Only Encrypted दिसलं तर जुन्या फायलींचे अवशेष अजून उघडे असू शकतात, Fully Encrypted असेल तर पूर्ण ड्राइव्ह झालाय.

एवढा वेळ घेऊन लावलेल्या कुलपाचा पासवर्ड बदलायला मात्र एक सेकंद लागतो, मला आधी वाटलं काहीतरी गडबड आहे. पण पासवर्डने फायली बंद होतच नाहीत. फायली बंद होतात संगणकाने स्वतः बनवलेल्या एका किल्लीने, ती किल्ली दुसऱ्या किल्लीने बंद, आणि तुमचा पासवर्ड फक्त त्या दुसऱ्या किल्लीची पेटी उघडतो. आजीच्या कपाटासारखं, दागिने आतल्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली डब्यात, आणि आपण फक्त डब्याचं कुलूप बदलतो. शिवाय प्रत्येक पासवर्ड तपासताना विंडोज तो दहा लाखांहून जास्त वेळा एका गणिती प्रक्रियेतून फिरवतं, आपल्याला जेमतेम क्षणभर लागतो पण लाखो पासवर्ड लावून बघणाऱ्याचा प्रत्येक प्रयत्न तेवढा महाग पडतो. तरी 12345678 ठेवलात तर तो पहिल्या काही प्रयत्नांतच सापडणार, तिथे गणित काय करणार.

एक मात्र लक्षात ठेवा, टीव्ही, गाडीचा म्युझिक सिस्टीम आणि झेरॉक्स मशीनचा यूएसबी पोर्ट यांना हा ड्राइव्ह कळत नाही, मॅकलाही स्वतःहून उघडता येत नाही, आणि काही ठिकाणी तर 'फॉरमॅट करू का' असं विचारलं जातं. तिथे हो म्हटलं की सगळं साफ, कारण कुलूप वाचण्यापासून वाचवतं, पुसण्यापासून नाही. म्हणून झेरॉक्सवाल्याकडे न्यायला मी एक वेगळा बिनकुलपाचा ४ जीबीचा ड्राइव्ह ठेवलाय, त्यात फक्त त्या दिवशी छापायची फाइल असते.