वाणिज्यिक दाव्यातील पुराव्याचे शपथपत्र

वाणिज्यिक दाव्यात साक्षीदाराची सरतपासणी तोंडी न होता शपथपत्रावर होते, त्यावर नंतर उलटतपासणी चालते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ मधील नियम ४ ला वाणिज्य न्यायालय अधिनियम, २०१५ ने जोड दिली: पक्षकाराने आपल्या सर्व साक्षीदारांची शपथपत्रे एकाच वेळी दाखल करायची, आणि नंतर नवा साक्षीदार आणायचा तर सबळ कारण दाखवून अर्ज करायचा. त्यामुळे कोणता कागद कोणाच्या तोंडून सिद्ध होणार, हे आधीच ठरवावे लागते.

समजा, एका पुरवठादाराने थकलेल्या १८ लाख रुपयांसाठी दावा लावला आहे. त्याच्याकडे खरेदी आदेश, मालाच्या पोच-पावत्या, संगणकावर तयार झालेली बिले आणि खातेउतारा आहे. पक्षकार बहुधा हिशेबनिसाला साक्षीला पाठवतो, कारण फाइल त्याच्याकडे असते. प्रतिवादीने पावत्यांवरील सह्या नाकारल्या असतील, तर पहिल्याच प्रश्नात घोटाळा होतो: ‘सही झाली तेव्हा तुम्ही गोदामात होतात का?’ उत्तर नकारार्थी. माल उतरवून देणारा चालक, किंवा सही करणाऱ्याचे अक्षर ओळखणारा माणूस हवा होता, आणि त्याचे शपथपत्र त्याच दिवशी यायला हवे होते.

मसुद्यात म्हणून प्रत्येक कागदासाठी वेगळा परिच्छेद लिहितात: तो कोणी केला, सही कोणाची, साक्षीदार ती कशी ओळखतो, मूळ प्रत कुठे आहे. आदेश १९ नुसार स्वतःच्या माहितीतील बाबी आणि ऐकीव बाबी वेगळ्या दाखवून ऐकीव बाबींचा स्रोत द्यावा लागतो. वादपत्र उतरवून काढलेले शपथपत्र इथे चालत नाही, तरी सवय जात नाही.

संगणकावरील बिलांच्या छापील प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा भाग अ पक्षकार भरतो, भाग ब तज्ज्ञ, आणि दोन्हींत नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे त्या फाइलवरून काढलेला आणि फाइल बदलली की बदलणारा संकेतांक, येते. खातेउतारा कलम २८ खाली ग्राह्य असला, तरी केवळ त्याच्यावर देणे लादता येत नाही. पोच-पावत्यांचा आधार लागतोच.

न्यायालयाने कागदावर निशाणी क्रमांक टाकला म्हणजे मजकूर खरा ठरला असे नव्हे. निशाणी पडल्याने कागद पुराव्यात आला एवढेच, त्यातील मजकुराचे वजन निकालाच्या वेळी ठरते. उलट, सिद्धतेच्या पद्धतीवरचा आक्षेप, जसे मूळ प्रतीऐवजी झेरॉक्स आणली आहे, निशाणी पडताना घेतला नाही तर नंतर घेता येत नाही. २००३ च्या व्यंकटाचल गौंडर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. मुळातच अग्राह्य असलेल्या कागदावरचा आक्षेप मात्र पुढेही घेता येतो. सही सिद्ध न झालेला कागद काही न्यायालये तोवर केवळ ओळखीपुरती खूण घालून ठेवतात. अशा खुणेचा कागद साक्ष संपेपर्यंत तसाच राहिला, तर युक्तिवादात त्याचा आधार घेता येत नाही.