नऊ माळा आणि नऊ कुमारिका

आश्विन शुद्ध प्रतिपदेला कोकणातल्या घरोघरी घट बसतो. कलशाभोवती मातीत धान्य पेरतात, वर फुलांची माळ टांगतात आणि मग रोज एक माळ वाढत जाते. ‘आज पाचवी माळ’ असंच आपण म्हणतो. माळ तिथीवर चालते, त्यामुळे तिथीचा क्षय झाला की एकाच दिवशी दोन माळा चढतात. रुजवणाला मात्र जपावं लागतं. आश्विनातही हवा दमट असते, पाणी जास्त झालं तर कोंब येण्याआधीच दाणा कुजतो आणि मातीला आंबूस वास येतो. अंधाऱ्या देवघरात कोंब पिवळे निघतात, त्यात वावगं काही नाही.

ही पूजा मुळात कुलदेवतेची. रोज एका दुर्गेचं नाव घेण्याची रीत तिच्यावर पोथीतून आली. सप्तशती हा मार्कंडेय पुराणाचा भाग, तेरा अध्यायांचा. पण शैलपुत्रीपासून सिद्धिदात्रीपर्यंतची नवदुर्गांची यादी त्या तेरा अध्यायांत नाही. ती पाठाआधी म्हणायच्या देवीकवचात येते. सप्तशतीची स्वतःची मांडणी तीन चरित्रांची आहे: महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती. राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याला या तिघी एकाच आवारात आहेत, तिथे गेलं की ही जुनी मांडणी डोळ्यांसमोर उभी राहते.

शेवटी कुमारिका जेवू घालतात, कुठे अष्टमीला, कुठे नवमीला. कुमारिकापूजेचा सविस्तर विधी देवीभागवताच्या तिसऱ्या स्कंधात आहे, आणि तिथली नऊ नावं नवदुर्गांची नाहीत. ती मुलीच्या वयावरून ठरतात. दोन वर्षांची कुमारिका, तिसऱ्या वर्षी त्रिमूर्ती, मग कल्याणी, रोहिणी, कालिका, चंडिका, शांभवी, दुर्गा आणि दहाव्या वर्षी सुभद्रा. त्यापुढच्या मुली बसवत नाहीत. एक वर्षाचीही नाही, कारण तिला गंध आणि चव अजून कळत नाही, असं पोथी सांगते. हे कारण मला फार आवडतं. पूजा घेणाऱ्या मुलीला खिरीची गोडी कळायला हवी, हा त्यामागचा विचार आहे.

समजा, शेजारची सात वर्षांची मुलगी आली. ती चंडिका. तिला पाटावर बसवून पाय धुवायचे, कुंकू लावायचं, गजरा माळायचा, नारळाच्या दुधातली खीर वाढायची. तिचं पोटभर जेवून झालं की दक्षिणा द्यायची आणि नमस्कार करायचा. सातवी दुर्गा म्हणून तिला काही जण कालरात्री म्हणतात, तिथे दोन याद्यांची सरमिसळ होते.

बरीच घरं मुंबईला गेल्यामुळे वाडीत नऊ मुली जमत नाहीत, म्हणून पुष्कळ जण हा विधी सोडून देतात. तसं करायची गरज नाही. देवीभागवतात रोज एकीची पूजा सांगितली आहे, आणि नऊ दिवस जमत नसेल त्याने अष्टमीला करावी अशीही मुभा आहे.