अधिसूचनेची तारीख आणि पदभाराची तारीख: न्यायमूर्तींचा कार्यकाळ लिहिताना होणारा घोळ

शिवाजीनगर कोर्टाच्या बाररूममध्ये मध्यंतरी एका स्मरणिकेची जुळणी चालली होती. न्यायमूर्तींची छोटी चरित्रटिपणं करायची, नियुक्ती, बढती, निवृत्ती एवढ्या तारखा द्यायच्या, इतकंच काम. न्या. भूषण गवई यांच्या टिपणावर दोन ज्युनिअर अडले. एकाने लिहिलं होतं, सर्वोच्च न्यायालयात 22 मे 2019 ला नियुक्ती. दुसऱ्याने लिहिलं, 24 मे 2019. दोघांकडेही कागद होता. "मॅडम, चूक नेमकी कोणाची?"

चूक कोणाचीच नव्हती. दोघे वेगवेगळ्या घटनांची तारीख सांगत होते.

न्यायमूर्तींची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि केंद्राचा न्याय विभाग तिची अधिसूचना काढतो. त्या कागदावर वरच्या कोपऱ्यात एक तारीख असते, ती अधिसूचनेची. नजर नेमकी तिथेच जाते, कारण ती ठळक असते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तीच बातमी होते. पण खाली मजकुरात एक शेपूट असतं: ही नियुक्ती 'ज्या दिवशी ते पदाचा कार्यभार स्वीकारतील त्या दिवसापासून' लागू. म्हणजे अधिसूचना निघाली तरी न्यायमूर्ती अजून त्या पदावर आलेले नसतात. शपथ घेतल्याशिवाय पदावर बसता येत नाही. उच्च न्यायालयात ती राज्यपालांसमोर किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीसमोर होते, सर्वोच्च न्यायालयात राष्ट्रपतींसमोर किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीसमोर. कार्यकाळ मोजायचा तो इथून.

गवईंची अधिसूचना 22 मेची, शपथ 24 मेची. मग 23 मेला ते कोण होते? मुंबई उच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती. सर्वोच्च न्यायालयात नियुक्ती झाली की उच्च न्यायालयातलं पद आपोआप रिकामं होतं, असं घटनेच्या 217 व्या अनुच्छेदात आहे. पण नियुक्तीच पदभारापासून लागू होत असल्यामुळे मुंबईतला शेवटचा दिवस 23 मे धरावा लागतो. 22 तारीख धरली, तर मधले दिवस ते कुठेच नव्हते असा अर्थ निघतो.

हे एकदा कळलं की माणूस उलट्या बाजूला घसरतो आणि प्रत्येक अधिसूचनेनंतर शपथेची तारीख शोधत बसतो. गवईंचीच सरन्यायाधीशपदाची अधिसूचना 29 एप्रिल 2025 ला निघाली, पण तिच्यात लागू होण्याची तारीख थेट दिली होती: 14 मे 2025. कारण साधं आहे. आधीचे सरन्यायाधीश संजीव खन्ना 13 मे रोजी निवृत्त होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मी ज्युनिअरना सांगते, कोपऱ्यातली तारीख वाचायच्या आधी 'पासून' हा शब्द कुठे आहे तो शोधा.

उच्च न्यायालयात याच घोळाला आणखी एक पदर आहे. तिथे बहुतेक जण आधी अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून येतात आणि मग कायम होतात. त्यामुळे दोन अधिसूचना, दोन तारखा. गवई 14 नोव्हेंबर 2003 ला अतिरिक्त न्यायमूर्ती झाले आणि 12 नोव्हेंबर 2005 ला कायम. अतिरिक्त न्यायमूर्तीची मुदत घटनेनुसार जास्तीत जास्त दोन वर्षं. हिशेब करून पाहा, दोन वर्षं 13 नोव्हेंबर 2005 ला संपत होती आणि कायम नियुक्ती तिच्या एक दिवस आत आली. ही ताडून पाहायची चांगली जागा आहे. दोन तारखांमध्ये दोन वर्षांहून जास्त अंतर दिसलं आणि मधली मुदतवाढीची अधिसूचना हाती नसेल, तर समजा कुठेतरी काहीतरी निसटलंय. 'न्यायमूर्ती कधी झाले' याचं उत्तर मात्र पहिली तारीख. कायम झाल्याची तारीख तिच्या जागी लिहिली तर माणसाची दोन वर्षं खाल्ली जातात, आणि हे मी छापील पुस्तकातही पाहिलंय.

निवृत्तीला बहुतेक वेळा अधिसूचना शोधावी लागत नाही, जन्मतारीख पुरते. उच्च न्यायालयात 62, सर्वोच्च न्यायालयात 65. (उच्च न्यायालयाची मर्यादा 1963 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीपर्यंत 60 होती, जुन्या नावांना हे विसरू नका.) सरकारी नोकरासारखा महिनाअखेरचा नियम इथे नाही. आणि शेवटचा दिवस वाढदिवसाचा नसतो, तर त्याच्या आदल्या दिवसाचा असतो. पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड घ्या. जन्म 12 जुलै 1920, सरन्यायाधीशपदावरून निवृत्ती 11 जुलै 1985. वाढदिवस उजाडला की 65 वर्षं पुरी झालेली असतात, त्यामुळे त्या दिवशी पद उरत नाही.

त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांच्या बाबतीत वेगळी फसगत होते. जन्म 11 नोव्हेंबर 1959, म्हणून निवृत्ती 10 नोव्हेंबर 2024. पण त्या दिवशी रविवार होता. निरोपाचं न्यायासन 8 तारखेला, शुक्रवारी बसलं आणि बातम्यांत तीच तारीख आली. सोलापूरचे उदय लळित 8 नोव्हेंबर 2022 ला निवृत्त झाले, त्या दिवशी गुरु नानक जयंतीची सुट्टी. निरोप आदल्या दिवशीच झाला. कामाचा शेवटचा दिवस आणि पदाचा शेवटचा दिवस यांत एक-दोन दिवसांचा फरक दिसला तर आधी कॅलेंडर काढायचं, मग भांडायचं.

आता लॉ रिपोर्ट, म्हणजे न्यायालयाचे निकाल छापणारे खंड. अधिसूचना मिळाली नाही की आपण तिकडे धावतो, आणि जुन्या नावांसाठी दुसरा इलाजही नसतो. पण रिपोर्ट काय सिद्ध करतो ते ओळखून वापरायला हवं. निकालपत्रावर न्यायमूर्तींचं नाव आहे म्हणजे निकालाच्या दिवशी ते पदावर होते, एवढंच. पहिला छापलेला निकाल सापडला म्हणून ती नियुक्तीची तारीख होत नाही. शपथेनंतर बरेच दिवस छापण्याजोगा निकाल नसूही शकतो.

सगळ्यात जास्त फसवतं ते सायटेशनमधलं वर्ष, म्हणजे निकाल कुठे छापलाय हे सांगणाऱ्या संदर्भातलं. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा ओल्गा टेलिस खटला बहुतेक वकिलांना एआयआर 1986 सुप्रीम कोर्ट 180 असा पाठ असतो. निकालपत्र यशवंतराव चंद्रचूडांचं. आमच्या एका ज्युनिअरने यावरून सरळ अंदाज बांधला की ते 1986 मध्ये कामावर होते, म्हणजे निवृत्तीची तारीखच चुकीची असणार. मी तिला ते पान उघडून मथळ्याखालची ओळ वाचायला लावली. निकालाची तारीख 10 जुलै 1985. निवृत्तीच्या आदल्या दिवशी दिलेला निकाल पुढच्या वर्षीच्या खंडात छापला गेला होता. 86 हे खंडाचं वर्ष. त्याच प्रकाशनाच्या 1985 च्या खंडात 1416 व्या पानावर तुळशीराम पटेल खटल्याचा निकाल आहे. त्याची निकालाची तारीख 11 जुलै 1985, आणि घटनापीठात पहिलं नाव चंद्रचूडांचं.

ज्युनिअरने स्मरणिकेच्या प्रुफात 1986 खोडून 11 जुलै 1985 लिहिलं आणि समासात पेन्सिलीने '1416' टिपून ठेवलं.