संहितेचे कालमापन

नभोवाणी, माहितीपट किंवा ध्वनिमुद्रित निवेदन यांसाठी ठरावीक अवधीची संहिता लिहिताना शब्दसंख्या, विराम आणि श्वास यांवरून वाचनाचा वेळ आधीच अजमावण्याची पद्धत. मुंबई केंद्राचे प्रसारण जुलै १९२७ मध्ये सुरू झाले. ही पद्धत मराठी निवेदनात त्यानंतर हळूहळू रुळली असावी. मिनिटाला अमुक शब्द हे माप लघुलेखनाच्या परीक्षांतून आले असावे, असे एक मत आहे.

मराठीत मात्र हे माप निसरडे आहे. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जात असल्यामुळे हिंदीतले ‘मुंबई में’ हे दोन शब्द मराठीत ‘मुंबईत’ असा एकच शब्द होतात. त्यामुळे हिंदी संहितेची शब्दमर्यादा मराठी भाषांतराला जशीच्या तशी लावली, तर वाचन लांबते. म्हणून काही जण अक्षरे मोजणे पसंत करतात. ते अधिक काटेकोर असले, तरी त्याच निवेदकाकडून नमुना वाचून घेणे व्यवहारात जास्त भरवशाचे ठरते.

समजा, निवेदकाने शंभर शब्दांचा उतारा नेहमीच्या विरामांसह बावन्न सेकंदांत वाचला. पाच मिनिटांच्या कार्यक्रमातून आरंभीच्या व अखेरच्या संगीताचे २५ सेकंद आणि परिच्छेदांमधील चार मोठ्या विरामांचे आठ सेकंद वजा केले, की २६७ सेकंद उरतात. त्यांत सुमारे ५१३ शब्द बसतात. प्रत्यक्षात ४९५ च्या आसपास थांबणे बरे. येथे नेहमीची चूक म्हणजे वाक्यान्तीचे श्वास पुन्हा वजा करणे. ते नमुन्याच्या वेळात आधीच आलेले असतात. चाळीस वाक्यांचे अर्धा-अर्धा सेकंद पुन्हा कापले, तर संहिता अडतीस शब्दांनी तोकडी पडते आणि शेवटचे संगीत ताणावे लागते.

उत्स्फूर्त बोलण्याचा वेग मुख्यतः विरामांमुळे बदलतो, उच्चारणामुळे तितकासा नाही, असे मानसभाषाशास्त्रज्ञ फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनी दाखवले. वाचनाला ते किती लागू पडते, याविषयी सावध राहावे. तथापि घाईत निवेदक आधी विरामच गिळतो, हा ध्वनिमुद्रण कक्षातला अनुभव त्याच्याशी जुळतो.

आकडे शब्दसंख्येला फसवतात. ‘२,७५,४००’ हा लेखनात एक शब्द, पण वाचताना ‘दोन लाख पंचाहत्तर हजार चारशे’ असे पाच शब्द होतात. म्हणून अर्थसंकल्पावरील बातमीपत्र मोजण्यापूर्वी आकडे अक्षरी लिहून घ्यावेत. लांब विशेषणवाक्य नामाच्या आधी आले, की निवेदकाचा श्वास नामापूर्वीच संपतो आणि मध्येच अनपेक्षित विराम पडतो. मोठ्याने वाचल्याखेरीज तो कळत नाही.

चित्रपटावरील निवेदनात मोजणी उलट दिशेने होते, कारण तेथे चित्राची लांबी आधीच ठरलेली असते. ३५ मिमी. फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने मिनिटाला ९० फूट सरकते, त्यामुळे दृश्याच्या फुटांवरूनच ओळींची मर्यादा काढता येई. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट अनेक भाषांत निघत, आणि प्रत्येक भाषेतील निवेदन त्याच चित्रफितीत बसवावे लागे.